बेरीज जुळते, न्यूट्रॉन कमी पडतात

अतिजड पण त्यातल्या त्यात टिकाऊ केंद्रकांचं स्थिरतेचं बेट ११४ प्रोटॉनांपाशी आहे म्हणतात. मग ९४ आणि २० प्रोटॉनांची केंद्रकं जोडून तिथं पोचता का येत नाही? (बारावी, सातारा)

प्रोटॉन जुळतात, घोडं अडतं न्यूट्रॉनांपाशी. इथं सांगलीत क्लासमध्ये मी फळ्यावर बेरीजच मांडतो: प्लुटोनियम-२४४ चे १५० न्यूट्रॉन, कॅल्शियम-४८ चे २८, एकूण १७८. बेटाचा मध्य सिद्धांतानुसार १८४ च्या आसपास. म्हणजे सहा आधीच कमी! साधं कॅल्शियम-४० घेतलं तर आणखी आठ घटतात, म्हणून तर हे दुर्मीळ, महागडं ४८ वापरतात.

त्यात जोडलेलं केंद्रक तापलेलं असतं. बहुतेक वेळा ते लगेच दुभंगतं. क्वचित वाचलंच, तर तीन-चार न्यूट्रॉन फेकून निवतं. तीन गेले की उरतं फ्लेरोव्हियम-२८९: न्यूट्रॉन १७५, अर्धायुष्य जेमतेम दोन सेकंद. रशियात दुब्नाला हे झालंय, पण तो बेटाचा नुसता काठ.

मुळात केंद्रक जड होईल तसे त्याला दर प्रोटॉनमागे जास्त न्यूट्रॉन लागतात, त्यामुळे दोन हलकी जोडली की तूट ठरलेलीच. कॅल्शियम-५० सारखं न्यूट्रॉन-श्रीमंत केंद्रक मारावं, तर ते स्वतःच काही सेकंदांत विघटन पावतं. त्याचा पुरेसा दाट झोत मिळत नाही.