r ची मर्यादा गोलावरून घ्यायची की सावलीवरून?

प्रश्न: x² + y² + z² = 4 या गोलाच्या आत आणि 3z = x² + y² या पॅराबोलॉइडच्या वर जो भाग येतो त्याचं घनफळ काढतोय. सिलिंड्रिकलमध्ये θ 0 ते 2π, r 0 ते 2, z पॅराबोलॉइडपासून गोलापर्यंत. जादाचा r लिहिलाय. तीनदा तपासलं, दरवेळी 8π/3. पुस्तकात 19π/6 आहे. पुस्तक चुकलंय का?

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे. तुमचं इंटिग्रेशनही बरोबर आहे, म्हणूनच तीनदा तपासूनही चूक हाती लागली नाही. गडबड आकडेमोडीच्या आधीच झाली आहे: r ची वरची मर्यादा 2 नाही, √3 आहे.

गोलाची त्रिज्या 2, म्हणून r 2 पर्यंत, असा विचार झालेला दिसतोय. पण r ची मर्यादा गोलाची नसते, आपल्याला हव्या असलेल्या भागाची असते. आधी z च्या दिशेनं इंटिग्रेट करायचं असेल तर त्या भागावर सरळ वरून उजेड टाकल्यावर xy-प्रतलात जी सावली पडेल, r आणि θ तिच्यावरून ठरवायचे. ही सावली कुठे संपते? जिथे तळ आणि छत एकमेकांना भेटतात तिथे. x² + y² च्या जागी 3z ठेवा:

z² + 3z − 4 = 0

म्हणजे z = 1 किंवा z = −4. पॅराबोलॉइडवर z ऋण होत नाही, तेव्हा −4 बाद. z = 1 ला r² = 3. सावली √3 त्रिज्येची वर्तुळाकार चकती आहे.

आता √3 च्या पुढे काय होतं ते बघा, कारण तुमचं उत्तर नेमकं तिथेच बिघडलं. r = 2 घ्या. पॅराबोलॉइड तिथे z = 4/3 वर आहे आणि गोल z = 0 वर. म्हणजे ज्याला तुम्ही तळ म्हणताय तो छताच्या वर गेलाय. खालून वर जाणारी उभी काडी तिथे नाहीच, पण सूत्राला ते कळत नाही. ते निमूटपणे 0 − 4/3 अशी ऋण लांबी धरून बेरीज करत राहतं. √3 ते 2 या कड्याचा हिशेब वेगळा केला तर:

2π ∫ (√(4 − r²) − r²/3) r dr, r = √3 ते 2
= 2π (1/3 − 7/12) = −π/2

आणि 19π/6 − π/2 = 8π/3. तुमचं उत्तर तंतोतंत. नसलेल्या भागाचं घनफळ वजा झालंय, एवढंच.

म्हणून एक सवय लावून घ्या. z च्या दोन्ही मर्यादा लिहून झाल्या की r चं सगळ्यात मोठं मूल्य त्यात घालून बघा. वरची मर्यादा खालचीपेक्षा लहान निघाली तर r जास्त घेतलाय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बरोबर मांडणी अशी:

∫ (0 ते 2π) ∫ (0 ते √3) ∫ (r²/3 ते √(4 − r²)) r dz dr dθ

z चं इंटिग्रेशन झालं की r√(4 − r²) − r³/3 उरतं. पहिल्या पदात 4 − r² = u घेतलं की 0 ते √3 मध्ये (8 − 1)/3 = 7/3 येतं, दुसऱ्याचे 9/12 = 3/4. वजाबाकी 19/12, गुणिले 2π, म्हणजे 19π/6.

जादाचा r तुम्ही लिहिला आहेच, तरी तो विसरल्याची खूण सांगून ठेवतो. छोट्या तुकड्याच्या बाजू dr, r dθ आणि dz असतात. अक्षापासून लांब गेलं की तेवढ्याच कोनात कमान मोठी होते, r येतो तो तिथून. या गणितात तो गाळला की 4 − r² चं सोपं सब्स्टिट्यूशन चालत नाही, arcsin येतो आणि उत्तरात π² दिसायला लागतो. नुसत्या घनफळाच्या गणितात अचानक π² दिसला की आधी हा r शोधा.

उत्तर पडताळायचं तर दुसऱ्या वाटेनं जा, आणि इथे ती वाट सुंदर आहे. या घनाचा प्रत्येक आडवा छेद z-अक्षावर केंद्र असलेलं वर्तुळ आहे. z = 1 च्या खाली छेदाची त्रिज्या पॅराबोलॉइड ठरवतो, r² = 3z. वर गोल ठरवतो, r² = 4 − z². मग

π ∫ 3z dz (0 ते 1) + π ∫ (4 − z²) dz (1 ते 2) = 3π/2 + 5π/3 = 19π/6

फक्त हा क्रम घेतला की z = 1 ला तुकडे करावेच लागतात, कारण r ची वरची मर्यादा तिथे एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर उडी मारते. आधी dz घेतलं की एकाच इंटिग्रलमध्ये भागतं. त्यामुळे मी सहसा आधी dz घेतो आणि छेदांची पद्धत पडताळणीला ठेवतो.

तुमचा r = 2 अगदीच वाया जात नाही. प्रश्न "गोलाच्या आत पण पॅराबोलॉइडच्या खाली" असा असता तर सावली खरोखर 2 त्रिज्येची आहे. पण तिथे छत बदलतं: 0 ते √3 मध्ये z −√(4 − r²) पासून r²/3 पर्यंत, आणि √3 ते 2 मध्ये −√(4 − r²) पासून +√(4 − r²) पर्यंत. दोन इंटिग्रल, बेरीज 15π/2. त्यात 19π/6 मिळवले की अख्ख्या गोलाचे 32π/3 येतात.

जाता जाता, याच जातीची एक चूक θ मध्येही होते. छेद वर्तुळ आहे म्हणून θ 0 ते 2π, असं डोळे झाकून लिहू नका. ते वर्तुळ अक्षाभोवती आहे का ते आधी बघा. x² + y² = 2x या सिलिंडरच्या आत, xy-प्रतल आणि z = x² + y² यांच्यामधला भाग घ्या. सावली वर्तुळच आहे, पण केंद्र (1, 0) वर. ध्रुवीय रूपात ते r = 2cos θ होतं आणि θ −π/2 ते π/2 मध्येच पूर्ण होतं. घनफळ ∫ 4cos⁴θ dθ = 3π/2. तिथे 0 ते 2π घातलं तर अर्ध्या फेरीत cos θ ऋण होतो, तेच वर्तुळ दुसऱ्यांदा मोजलं जातं आणि 3π येतं, बरोबर दुप्पट. छत z = r असतं तर 8cos³θ/3 चं 0 ते 2π इंटिग्रल शून्य आलं असतं; निदान ते बघून तरी शंका येते. दुप्पट उत्तर मात्र दिसायला साळसूद असतं, त्यामुळे सहज निसटतं.