दोन बॅलन्स शीटवरून कॅश फ्लो: मशिनरीचा फरक जुळत का नाही?

प्रश्न: बी.कॉम.ला आहे. दोन बॅलन्स शीट देतात आणि खाली ॲडिशनल इन्फॉर्मेशन. मी मशिनरीचा ओपनिंग क्लोजिंग फरक काढून खरेदी म्हणून लिहितो, घसारा पण ॲड करतो, तरी कॅश जुळत नाही. वर्षात मशीन विकली असेल तर नक्की काय करायचं?

उत्तर:

तो फरक खरेदी म्हणून लिहिताय ना, गडबड तिथंच आहे. मशिनरीचा आकडा वर्षात तीन कारणांनी हलतो, नवीन घेतली की वाढतो, विकली की उतरतो आणि घसाऱ्यानं उतरतो, आणि दोन बॅलन्स शीटमध्ये दिसतो तो या तिघांचं वजा-जमा होऊन उरलेला फरक. त्यातून खरेदी वेगळी काढायची तर मशिनरीचं खातं मांडायलाच लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघतो, त्यामुळं उदाहरण मागाचंच घेतो, आकडे मात्र समजायला सोपे म्हणून मनानं धरलेत. मशिनरी 31 मार्च 2024 ला 5,00,000 आणि 31 मार्च 2025 ला 6,40,000, दोन्ही आकडे घसारा वजा जाऊन. खाली माहिती अशी दिलीय की जुने माग, मूळ किंमत 1,00,000 आणि त्यावर साठलेला घसारा 40,000, ते 45,000 ला विकले, आणि यंदाचा घसारा 70,000.

आता खातं मांडा. डेबिटला ओपनिंग 5,00,000. क्रेडिटला विक्रीचे 45,000, विक्रीतला तोटा 15,000 (मागांची पुस्तकी किंमत 60,000 होती आणि हातात 45,000 आले म्हणून), घसारा 70,000 आणि क्लोजिंग 6,40,000. क्रेडिटची बेरीज 7,70,000 झाली, डेबिटला 5,00,000 च आहेत, म्हणजे जे 2,70,000 कमी पडतात ती वर्षातली खरेदी. तुमच्या पद्धतीनं ती 1,40,000 आली असती. म्हणजे 1,30,000 चा खड्डा, आणि हा आकडा बघा, 60,000 पुस्तकी किंमत अधिक 70,000 घसारा. तुमच्या गणितात कॅश किती रुपयांनी चुकतेय ते आधी काढा, तो आकडा बरोबर घसारा आणि विकलेल्या मशीनची पुस्तकी किंमत यांच्या बेरजेएवढा असला तर चूक दुसरीकडं शोधतच बसू नका.

तोटा नफ्यात मिळवायचा की वजा करायचा यात पण भरपूर जण अडकतात. असं बघा, मागांचे 45,000 खरंच आले आणि ते पूर्ण इन्व्हेस्टिंगमध्ये जाणार आहेत, पण त्या 15,000 तोट्यापायी कुणाला एक रुपयाही दिलेला नाही, नफा मात्र तेवढ्यानं कमी दिसतोय, म्हणून ऑपरेटिंगमध्ये तो परत मिळवायचा. घसाऱ्याचंही तसंच. मशीन नफ्यात विकली असती तर तो नफा वजा केला असता, कारण तो विक्रीच्या पैशात आलेलाच असतो आणि दोनदा धरला जातो. तोटा मिळवायच्या ऐवजी वजा झाला की फरक दुप्पट पडतो, इथं 30,000 चा पडेल.

काही गणितांत मशिनरी मूळ किमतीला आणि साठलेला घसारा वेगळा दिलेला असतो, तेव्हा दोन खाती करायची. तिथं साठलेल्या घसाऱ्यातली वाढ म्हणजेच यंदाचा घसारा असं धरू नका, कारण विकलेल्या मागांचा 40,000 त्या खात्यातून बाहेर गेलेला असतो. आपल्या उदाहरणात ती वाढ फक्त 30,000 दिसेल आणि खरा घसारा आहे 70,000.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. समजा शेअर कॅपिटल 5,00,000 वरून 6,00,000 झालंय आणि खाली एक ओळ आहे, 1,00,000 ची मशिनरी विकणाऱ्याला शेअर्स देऊन घेतली. मग त्या 2,70,000 मधले 1,00,000 रोख गेलेच नाहीत आणि शेअर्सचे 1,00,000 रोख आलेही नाहीत. एएस 3 प्रमाणे असा बिनरोखीचा व्यवहार स्टेटमेंटमध्ये घ्यायचाच नाही, खाली नोट द्यायची. म्हणजे इन्व्हेस्टिंगमध्ये खरेदी 1,70,000 आणि फायनान्सिंगमध्ये शेअर्सचं काहीच नाही.

पूर्ण जुळवून बघू. पी अँड एलचा बॅलन्स 1,20,000 वरून 1,90,000, डिव्हिडंड नाही, म्हणजे टॅक्सनंतरचा नफा 70,000. टॅक्सची प्रोव्हिजन 30,000 वरून 40,000 आणि वर्षात भरला 28,000, मग प्रोव्हिजनचं खातं मांडलं की यंदाची तरतूद 38,000 निघते आणि टॅक्सपूर्व नफा 1,08,000. त्यात घसारा 70,000 आणि तोटा 15,000 मिळवले की 1,93,000. सूत आणि तयार मालाचा स्टॉक 30,000 नं वाढला, पैसे मालात अडकले म्हणून वजा, येणी 35,000 नं कमी झाली म्हणजे वसुली आली म्हणून अधिक, देणी 15,000 नं वाढली तीही अधिक, झाले 2,13,000. भरलेला टॅक्स 28,000 वजा, ऑपरेटिंग 1,85,000. इन्व्हेस्टिंगमध्ये 1,70,000 गेले आणि 45,000 आले, म्हणजे वजा 1,25,000. फायनान्सिंगमध्ये बँकेचं टर्म लोन 2,00,000 चं 1,50,000 झालं, वजा 50,000. (लोनचं व्याज इथं मुद्दाम धरलेलं नाही, दिलेलं असेल तर ते ऑपरेटिंगमध्ये मिळवून फायनान्सिंगमध्ये वजा दाखवायचं.) 1,85,000 मधून 1,25,000 आणि 50,000 गेले, राहिले 10,000. बॅलन्स शीटमध्ये कॅश आणि बँक 40,000 वरून 50,000. जुळलं.

पण हे बघा, शेअर्सवाली ओळ न वाचता खरेदी 2,70,000 आणि शेअर्सचे 1,00,000 आले असं लिहिलं असतं तरी उत्तर 10,000 च आलं असतं, कारण दोन्ही बाजूंना सारखीच चूक. टॅक्सचं पण तेच, 70,000 नफा घेऊन प्रोव्हिजनची 10,000 वाढ देण्यांसारखी मिळवली तरी टॅली होतं, पण भरलेला टॅक्स वेगळा दाखवायचा राहून जातो. एका कर्जाच्या फाईलसाठी मी स्वतः शेअर्सची अशी चूक केली होती. टॅली झालं म्हणून निर्धास्त होतो आणि समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, हे शेअर्सचे पैसे बँक स्टेटमेंटमध्ये कुठल्या तारखेला जमा झाले? तारीख नव्हतीच, पैसे आलेच नव्हते. तेव्हापासून ॲडिशनल इन्फॉर्मेशनच्या प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलनं लिहितो, रोख आली, रोख गेली, किंवा रोख नाही, आणि मगच खाती मांडायला घेतो.