क्लिअरन्सचा आकडा भरलेल्या गाडीत बघ

अरे, स्कोडाची स्लाव्हिया सेडान घ्यावी की मारुतीची ब्रेझा एसयूव्ही, हे ठरवताना एक लक्षात घे. ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यातलं अंतर, बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. तू गावी जाणार पाच माणसं, तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन. मागची स्प्रिंग दबली की दोन-तीन सेंटीमीटर सहज जातात.

दुसरी गोष्ट व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. स्लाव्हियाचा क्लिअरन्स १७९ मिमी, म्हणजे सेडानमध्ये चांगलाच, पण व्हीलबेस २६५१ मिमी. ब्रेझाचे हेच आकडे १९८ आणि २५००. चाकांमधलं अंतर जास्त असलं की उंच, अरुंद गतिरोधकावर गाडीचं पोट मध्येच टेकतं. माझ्या जुन्या सेडानचं असंच व्हायचं. घरच्यांना उतरवून, तिरकी घालून एकेक चाक चढवायचो. (सासरेबुवा दरवेळी उतरताना काहीतरी बोलायचेच.)

म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटा जाऊ नकोस. चार जणांना बसव आणि तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून हळू ने. खालून खरडल्याचा आवाज आला तर सेडान विसर. नाही आला, आणि कच्चा रस्ता वर्षातून दोनदाच लागणार असेल, तर हायवेवर सेडानच जास्त स्थिर वाटेल. स्प्रिंगमध्ये रबरी स्पेसर घालून उंची वाढवायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. हाताळणी बिघडते, वॉरंटीवरही वाद होतो.