दोन परीक्षकांच्या क्रमवारीतला फरक कसा मोजायचा?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत दोन परीक्षकांनी पाच एकांकिकांना वेगवेगळे नंबर दिलेत. दोघांचं किती जुळतं हे एका आकड्यात सांगता येईल का?

येईल. जोड्या मोजा. पाच एकांकिकांच्या १० जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला एवढंच विचारायचं की यातली वरची कुठली यावर दोघांचं एकमत आहे का. जुळलेल्या वजा न जुळलेल्या, भागिले १०, हा झाला केंडॉलचा टाऊ. सगळं जुळलं तर १, यादी बरोब्बर उलटी असेल तर -१.

समजा पहिल्याचा क्रम अ ब क ड इ आहे. दुसऱ्याने अ ला थेट तळाला टाकलं, म्हणजे ब क ड इ अ. अ च्या चारही जोड्या बिघडल्या, बाकी सहा शाबूत, म्हणून टाऊ (६-४)/१० = ०.२. आता दुसऱ्याचा क्रम क ब अ इ ड असता तर? अब, अक, बक आणि डइ अशा इथेही चारच बिघडल्या, टाऊ परत ०.२.

पण स्पिअरमन हा जुळणी मोजायचा दुसरा आकडा काढलात तर चित्र बदलतं, कारण तो जोड्या नाही मोजत, प्रत्येक एकांकिका किती नंबर सरकली त्याचा वर्ग करतो. सूत्र `1 - 6Σd²/(n(n²-1))`, यात d म्हणजे एकांकिका किती नंबर सरकली ते, Σ म्हणजे सगळ्यांची बेरीज आणि n म्हणजे एकूण एकांकिका. पहिल्या केसमध्ये अ चार नंबर खाली गेली म्हणजे १६, बाकीच्या चौघी एकेक वर म्हणून ४, बेरीज २०, उत्तर चक्क शून्य, आणि ते सुद्धा उरलेल्या चार एकांकिकांबद्दल दोघांचं शंभर टक्के एकमत असताना! दुसऱ्या केसमध्ये बेरीज १० येते, उत्तर ०.५. म्हणून एकाच एकांकिकेवरून वाजलं असेल तर मी तरी टाऊ बघेन, स्पिअरमन त्या एका उडीला फार भाव देतो.

फक्त ०.२ आला म्हणून "थोडं तरी जुळतं" असं कुठे बोलू नका. पाच वस्तूंचे १२० क्रम होतात आणि त्यातल्या ४९ क्रमांत चार किंवा कमी जोड्या बिघडतात, म्हणजे दुसऱ्याने दादर स्टेशनच्या गर्दीत उभं राहून चिठ्ठ्या काढल्या असत्या तरी एवढा किंवा जास्त टाऊ यायची शक्यता ४१ टक्के. जेमतेम एकच जोडी बिघडली (टाऊ ०.८) तर मात्र दखल घ्या, तेवढं किंवा त्याहून चांगलं जुळणारे क्रम १२० मध्ये पाचच आहेत.

आणि कोणी दोघींना "विभागून दुसरा" दिला असेल तर टाऊ-बी वापरा, पायथनचं `scipy.stats.kendalltau` आपोआप तोच काढतं. त्यात बरोबरीची जोडी कुठल्याच बाजूला धरत नाहीत आणि खालचा भाजकही त्या हिशोबाने कमी होतो, तरी एकाच परीक्षकाने अशी एक बरोबरी दिली आणि बाकी सगळं जुळलं तर आकडा १ न येता ०.९५ च्या आसपास अडकतो, तेव्हा डेटा चुकलाय म्हणून शोधत बसू नका.