शब्द सापडतो, तरी उत्तर चुकतं

«मॅडम, मी नेरूळला राहते, रोज ठाण्याला अभ्यासिकेत येते. राज्यसेवा पूर्वची तयारी चालू आहे. सीसॅटच्या पेपरात दहा उताऱ्यांपैकी सहाच होतात, तोवर वेळ संपतो. मित्र म्हणतात, उतारा वाचूच नकोस, प्रश्नातला शब्द शोध आणि खूण कर. तसं केलं तर वेळ वाचतो, पण शब्द सापडूनही निम्मी उत्तरं चुकतात. मी नक्की कुठे चुकतेय?»

तुझ्या मित्रांनी अर्धीच गोष्ट सांगितली. ते सांगतात ते स्कॅनिंग, म्हणजे एखादी ठरावीक गोष्ट शोधत नजर फिरवणं. त्याआधीचं स्किमिंग, म्हणजे उताऱ्यात काय कुठे आहे हे वरवर पाहून घेणं, त्यांनी गाळलं. त्यामुळे तुला शब्द मिळतो, पण तो कुठल्या वाक्यात कशासाठी बसलाय हे कळत नाही. चुकीचे पर्याय नेमके तिथेच पेरलेले असतात.

आधी वेळेचा हिशोब. ८० प्रश्न, २ तास, आणि त्यातले साधारण ५० प्रश्न उताऱ्यांवरचे. उताऱ्यांना तासभर दिला तर एका उताऱ्याला सहा मिनिटं येतात. त्यातलं पाऊण मिनिट स्किमिंगला दे. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नीट वाच, बाकीच्यावरून नजर सरकव आणि ‘पण’, ‘मात्र’, ‘तथापि’, ‘त्यामुळे’ दिसलं की थांब. लेखकाचं खरं म्हणणं बहुधा ‘मात्र’च्या पुढे असतं. मग पाचही प्रश्न वाच. पर्याय आत्ता वाचू नकोस; चुकीचा पर्याय एकदा डोक्यात बसला की उताऱ्यात तोच दिसायला लागतो.

आता एक छोटा उतारा घेऊ. मीच लिहिलाय, खरा याच्या तिप्पट-चौपट असतो.

«बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ साली खुला झाला. १६ एप्रिलला सुटलेल्या पहिल्या गाडीला चौदा डबे होते व तीतून सुमारे चारशे निमंत्रितांनी प्रवास केला. पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून हा मार्ग कल्याणपर्यंत गेला. मात्र त्यामागची मूळ प्रेरणा प्रवासी वाहतूक ही नव्हती. दख्खनचा कापूस बंदरापर्यंत लवकर व स्वस्तात पोहोचावा, ही इंग्लंडमधल्या गिरण्यांची निकड होती. घाटातून बैलांच्या पाठीवरून येणारा कापूस वाटेत भिजे, धुळीने माखे. भोर घाटातला मार्ग १८६३ साली खुला झाला.»

पहिला प्रश्न: पहिल्या गाडीतून किती जण गेले? इथे निव्वळ स्कॅनिंग चालतं. पण तू आकडा शोधत बसलीस तर १८५३, १६, १८६३ दिसतील आणि उत्तर दिसणार नाही, कारण ‘चारशे’ अक्षरांत लिहिलंय. मराठीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजी उताऱ्यात विशेषनामं मोठ्या अक्षराने सुरू होतात, ती आपोआप डोळ्यात भरतात. देवनागरीत तशी सोय नाही. त्यात विभक्ती लागली की शब्दाचं तोंडच बदलतं: ठाणे म्हणून शोधावं तर ‘ठाण्याहून’ असतं, पूल म्हणून शोधावं तर ‘पुलावरून’. म्हणून अख्खा शब्द न शोधता त्याचा न बदलणारा तुकडा शोध, ‘ठाण’ किंवा ‘प’-‘ल’ ही जोडी, उकार ऱ्हस्व असो की दीर्घ. उतारा दोन्ही भाषांत छापलेला असेल तर नावं इंग्रजी मजकुरात शोधावीत आणि ती ओळ मराठीत वाचावी. ही पळवाट मी बिनदिक्कत सांगते. फक्त निव्वळ मराठी किंवा निव्वळ इंग्रजी आकलनाच्या उताऱ्यांना भाषांतर नसतं, तिथे ती चालत नाही.

दुसरा प्रश्न: मार्ग कल्याणला कोणत्या साली पोहोचला? पर्यायांत १८५३, १८५४, १८६३ आहेत. १८५४ उताऱ्यात छापलेलाच नाही. ‘कल्याण’वर पोहोचून वाक्य सुरुवातीपासून वाचलं की ‘पुढच्याच वर्षी’ भेटतं. मग ‘कशाच्या पुढच्या?’ म्हणून दोन वाक्यं मागे जावं लागतं. म्हणून माझा नियम असा: शब्द सापडला की ते पूर्ण वाक्य वाचायचं, आणि वाक्यात ‘हा’, ‘त्यामागची’, ‘पुढच्या’ असं बोट मागे दाखवणारं काही असलं तर मागेही जायचं. याला दहा सेकंद लागतात. तुझी निम्मी उत्तरं इथेच गेली असतील असा माझा अंदाज आहे.

तिसरा: लोहमार्गामागचं मुख्य कारण कोणतं? एक पर्याय ‘प्रवासी वाहतूक’, दुसरा ‘कच्च्या मालाची जलद ने-आण’. ‘प्रवासी वाहतूक’ हे शब्द उताऱ्यात जसेच्या तसे आहेत, ‘कच्चा माल’ कुठेच नाही. तरी बरोबर दुसरा. तू घरी जाताना ठाण्याच्या इंडिकेटरवर फक्त ‘नेरूळ’ शोधत नाहीस ना? पनवेल लोकलही तुला चालते आणि वाशीची चालत नाही, हे तुला माहीत आहे. पर्यायांकडे तसंच पाहा. कापूस म्हणजे कच्चा माल, लवकर म्हणजे जलद. उताऱ्यातले शब्द उचलून जसेच्या तसे ठेवलेला पर्याय दिसला की मी तरी आधी त्याच्यावरच संशय घेते.

चौथा विधानाचा: ‘लोहमार्गामुळे कापसाची वाहतूक स्वस्त झाली.’ बरोबर म्हणावंसं वाटतं. पण उताऱ्यात ‘पोहोचावा’ आहे, ‘पोहोचला’ नाही. इच्छा सांगितली आहे, ती पुरी झाली की नाही ते सांगितलेलं नाही. तुझं इतिहासाचं ज्ञान इथे आड येतं. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’ असे शब्द असलेली विधानंही अशीच क्रियापदापर्यंत जाऊन तपासायची.

सोडवण्याचा क्रमही बदल. नाव, साल, ठिकाण विचारणारे प्रश्न आधी घे. ते शोधताना उताऱ्याचा बराच भाग नजरेखालून जातो. मग विधानांचे. मध्यवर्ती कल्पना किंवा शीर्षकाचा प्रश्न छापील क्रमात पहिला असला तरी शेवटी.

हे सगळ्या उताऱ्यांना लागू पडत नाही. तत्त्वचिंतनाचा किंवा ललित उतारा असेल, त्यात आकडे-नावं नसतील, तर शोधायला खुंटीच नसते. तो सलग एकदा, सावकाश वाचावा लागतो, आठ मिनिटं जातात. पाऊण मिनिटाच्या स्किमिंगनंतर विषय एका ओळीत सांगता आला नाही तर तो याच जातीचा समज आणि शेवटाला ठेव. दहाच्या दहा झालेच पाहिजेत असंही नाही. पेपर पात्रतेचा आहे, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. गणित-बुद्धिमत्ता बरी असेल तर आठ उतारे नीट सोडवलेले मला चालतील.

पुढचे पंधरा दिवस आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले रोज दोन उतारे घड्याळ लावून सोडव. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे दोनपैकी एक खूण कर: ओळच सापडली नाही, की ओळ सापडली पण वाचली चुकीची. पहिली खूण जास्त असेल तर स्किमिंग घाईत होतंय, तिथे पाऊणचा एक मिनिट कर. दुसरी जास्त असेल तर वेग वाढवायचं सध्या सोडून दे. त्या खुणांचा कागद पाठव, मग पुढचं ठरवू.