उरलेल्या चार असाइनमेंटमध्ये किती मार्क हवेत?

‘मॅडम, माझ्या एका विषयाच्या दहापैकी सहा असाइनमेंट झाल्या, सरासरी 50 टक्के आहे. शेवटी एकूण 60 टक्के पाहिजेत. उरलेल्या चारमध्ये 70-70 टक्के काढले की होतील ना? रात्री झोपच येत नाही.’

नाही होणार, चार मार्क कमी पडतील. 50 आणि 70 यांची मधली संख्या 60, हा हिशेब झालेल्या आणि उरलेल्या असाइनमेंट सारख्याच असत्या तर चालला असता. इथे सहा होऊन गेल्यात आणि चारच राहिल्यात, त्यामुळे झालेल्यांचं पारडं जड आहे.

ही मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, सोबत वडीलही आले होते. मी तिला टक्के बाजूला ठेवून कागदावर नुसते मार्क लिहायला सांगितले. प्रत्येक असाइनमेंट 20 मार्कांची. तिने लिहिले: 13, 11, 0, 14, 12, 10. बेरीज 60. दहा असाइनमेंटचे मिळून 200, त्याचे 60 टक्के म्हणजे 120. हातात 60 आहेत, म्हणजे अजून 60 हवेत आणि ते चार असाइनमेंटमधून यायचे आहेत. 60 भागिले 4, प्रत्येकी सरासरी 15. टक्क्यांत 75. तिच्या 70 टक्क्यांप्रमाणे प्रत्येकी 14 मिळाले असते तर एकूण 116, म्हणजे 58 टक्के झाले असते.

वडील म्हणाले, ‘पण कॉलेजच्या मूडल वेबसाइटवर तर आत्ताच 60 टक्के दिसतायत. मग ही एवढी घाबरते कशाला?’ त्यांचंही खोटं नव्हतं. मूडलमध्ये ‘Exclude empty grades’ ही सेटिंग सुरू असली की ज्या असाइनमेंटला अजून मार्कच भरलेले नाहीत, ती सरासरीतून वगळली जाते. तिसरी असाइनमेंट तिने दिलीच नव्हती आणि सरांनी तिथे शून्य न भरता जागा कोरी ठेवली होती. 60 भागिले 5 म्हणजे 12, म्हणून स्क्रीनवर 60 टक्के. सेमिस्टरच्या शेवटी त्या जागी शून्य पडलं की हाच आकडा 50 वर येणार होता. म्हणून अशा वेळी स्क्रीनवरची सरासरी न बघता किती असाइनमेंट त्यात धरल्यात ते मोजायचं.

आता प्रश्न 15 चा. तिचे आजवरचे सर्वात जास्त मार्क 14. चारही वेळा स्वतःच्या सर्वोत्तमपेक्षा जास्त मिळवायचे, ही अपेक्षा मला धोक्याची वाटली. मुलं अशा आकड्याच्या मागे लागतात, पहिल्याच असाइनमेंटला 12 मिळतात आणि मग बाकीच्या तीनही सोडून देतात. त्यामुळे चारवर जोर देण्याआधी मी त्या कोऱ्या जागेकडे वळले. सरांना विचारून ये म्हटलं. उशिरा दिली तर 20 पैकी जास्तीत जास्त 10 देईन, असं ते म्हणाले. तिने त्या आठवड्यात ती लिहून दिली, 8 मिळाले. 60 चे 68 झाले. आता हवे होते 52, म्हणजे प्रत्येकी 13. पंधराचे तेरा! आणि तेरा तिने आधी मिळवलेले होते.

तिच्या मनात खरं तर 75 टक्क्यांचं होतं, ते तिने तेव्हा हळूच सांगितलं. तेही मांडून पाहिलं. 200 चे 75 टक्के 150, हातात 68, हवेत 82. चार असाइनमेंट मिळून असतातच 80. उरलेल्या असाइनमेंटच्या एकूण मार्कांपेक्षा जास्त हवे असतील तर ते लक्ष्य या विषयात संपलं, मग कितीही जागरण करा. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं, पण आकडा समोर आल्यावर तिनेच 75 खोडून 60 खाली रेघ मारली.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. असाइनमेंटचं वजन सारखं असलं तरी एक 20 ची आणि दुसरी 50 ची असू शकते. तेव्हा मार्कांची सरळ बेरीज चुकते, प्रत्येकीचे आधी टक्के काढायचे आणि मग हीच रीत वापरायची.

प्रत्येक निकाल आला की हिशेब नव्याने करायचा, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. सातवीला 13 आले, तीनमध्ये 39 हवेत, प्रत्येकी 13 च. आठवीला 12 आले आणि ती रडवेली होऊन आली. 39 मधून 12 गेले, 27 राहिले, दोन असाइनमेंट, म्हणजे 13.5. एक मार्क हुकल्याने पुढच्या दोन्हींवर अर्धा-अर्धा चढला होता, इतकंच. नववीला 14 मिळाले, म्हणून शेवटच्या असाइनमेंटला 13 पुरेसे होते. तिने 14 मिळवले. एकूण 121.