क्षय तिथी म्हणजे रद्द तिथी नव्हे

प्रश्न : पंचांगात 'प्रतिपदा क्षय' असं लिहिलंय. म्हणजे ती तिथी यंदा नाहीच का? मग पाडवा कधी करायचा?

'तिथी रद्द झाली', 'तिथी गायब झाली' हे ऐकून कान किटले. तिथी रद्द व्हायला ती काय रेल्वेगाडी आहे? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते आणि चंद्र काही वाटेत अंश गाळत नाही. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं नाव त्या दिवसाला मिळतं, आणि क्षय तिथीच्या वाट्याला सूर्योदय येत नाही, इतकंच.

२०२६चा पाडवा घ्या. १९ मार्चला मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवला तेव्हा अमावास्या होती. ती ६:५३च्या सुमारास संपली, प्रतिपदा लागली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतच आटोपली. दोन्ही सूर्योदय हुकले. एरवी पाडवा सूर्योदयाच्या प्रतिपदेला. पण ती दोन्ही दिवशी सूर्योदयाला नसेल तर आधीचा दिवस घ्यावा, असं धर्मसिंधू हा ग्रंथ सांगतो. म्हणून गुढी १९लाच. गंमत म्हणजे द्वारकेला त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास उगवला, म्हणजे प्रतिपदेत. तिथे क्षय झाला तो अमावास्येचा!

आता शब्दाकडे. कोशकार 'क्षि' म्हणजे झिजणे असं सांगून मोकळे होतात. पण झिजून लहान झाली म्हणून क्षय म्हणावं, तर वरच्या दोन्ही तिथी २४ तासांहून लहानच होत्या. मग एका गावी एकीचाच क्षय का? दुसरा 'क्षि' आहे, राहणे या अर्थाचा. पाणिनीने 'क्षयो निवासे' असं सूत्रच केलंय. महाभारतातला 'यमक्षय' म्हणजे यमाचं घर. जी तिथी एकाच दिवसाच्या घरात जन्मते आणि तिथेच संपते, ती क्षय, असा माझा आपला तर्क! पंडित म्हणतील की दोन सूर्योदय पाहणाऱ्या तिथीला 'वृद्धी' म्हणतात, तिच्या जोडीला आलेला क्षय म्हणजे घटणंच. म्हणोत. त्यांनी द्वारकेचं कोडं झिजण्यातून सोडवून दाखवावं, मग बोलू.

हां, सणांचं राहिलं. सूर्योदयावर न ठरणाऱ्या बऱ्याच सणांना क्षयाचा त्रास नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्ह लागतो. तिथी किमान सुमारे २० तासांची, म्हणजे दोन सूर्योदयांच्या मध्ये मावायची तर ती सूर्योदयानंतर चारेक तासांत लागायलाच हवी. त्यामुळे क्षय चतुर्थी त्या दिवशीचा मध्यान्ह पुरता व्यापते आणि 'आज की उद्या' हा वादच उरत नाही. वाद होतो तो तिथी दोन दिवसांच्या मध्यान्हांना अर्धी अर्धी शिवते तेव्हा.